लग्नाचं आवतण आलं, पण तारीख आणि ठिकाण नाही: यजमानांना कसं विचारावं

खान्देशात नोकरीनिमित्त नव्यानं आलेल्या माणसाला पहिल्या लग्नसराईत हमखास येणारा निरोप असा असतो: ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून आमच्या चिरंजीवांचा शुभविवाह योजिला आहे. आपण सहकुटुंब, सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत. हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे. आपलेच, पाटील परिवार, पाळधी.’ निरोप प्रेमाचा आहे, भाषा नेटकी आहे, पण कोणत्या दिवशी आणि कुठं, हे त्यात नाही. विचारायला संकोच वाटतो आणि न विचारता जाता येत नाही.

अशा वेळी यजमानांना पाठवायचं छोटं पत्र कसं लिहावं, ते इथं सांगतो. पत्र म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दहा-बारा ओळी असोत की कागदावर लिहून कुणाच्या हातून पाठवलेली चिठ्ठी असो, मजकूर तोच राहतो.

आधी आलेला निरोप नीट बघा

तारीख खरंच नाही की तुम्हाला दिसत नाही, हे पहिलं तपासा. बहुतेक वेळा घरातला तरुण मुलगा पत्रिकेचा फोटो आणि खाली मजकूर असं पाठवतो. तोच निरोप पुढं ढकलताना एखादे काका फक्त मजकूर उचलतात आणि फोटो मागे राहतो. कधी पत्रिका तीन पानांची असते आणि तुमच्याकडे गणपतीचं पहिलंच पान येतं. कधी फोटो आलेला असतो, पण तुमच्या फोनमध्ये तो उतरलेलाच नसतो, नुसता धूसर चौकोन दिसतो. त्यावर एकदा बोट टेकवा आणि थोडं थांबा. त्याच नंबराचं स्टेटसही बघा, लग्नघरात पत्रिका तिथं हटकून लावलेली असते.

निरोपासोबत फाइल आली असेल तर उघडण्याआधी तिच्या नावाचा शेवट वाचा. पत्रिका ही फोटो, पीडीएफ किंवा व्हिडिओ असते. नाव `.apk` नं संपत असेल तर ती पत्रिका नाही, ते फोनमध्ये बसवायचं अ‍ॅप आहे. लग्नपत्रिकेच्या नावाखाली अशी अ‍ॅप पाठवून फोनमधले मेसेज वाचायचे आणि बँकेतले पैसे काढायचे, ही फसवणूक गेल्या काही वर्षांत देशभर झाली आहे. निरोप ओळखीच्या नंबरावरून आला म्हणून निर्धास्त राहू नका, कारण ज्याचा फोन आधी फसला त्याच्याच नंबरावरून पुढच्यांना फाइल जाते. इथं पत्र लिहीत बसायचं नाही. थेट फोन करायचा आणि आवाज ऐकून विचारायचं. फाइल चुकून बसवलीच असेल तर फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा.

निरोप कुणाचा आहे हेही पक्कं करा. नंबर सेव्ह नसेल आणि खाली नुसतं ‘पाटील परिवार’ असेल, तर खान्देशात त्यावरून माणूस ओळखता येत नाही. हे आडनाव गल्लोगल्ली आहे. ‘आपण कोण?’ असं उलट विचारणं इथं मनाला फार लागतं. त्यापेक्षा ऑफिसातल्या एखाद्या जुन्या माणसाला नंबर दाखवा. तो क्षणात सांगेल, ‘अरे, हे आपले रिटायर झालेले नाना.’

आहे त्या मजकुरातून काय कळतं

तारीख नसली तरी तिथी असू शकते. ‘वैशाख शुद्ध दशमी’ असं लिहिलं असेल तर घरातल्या दिनदर्शिकेत तारीख सापडते. यजमान बऱ्हाणपूरकडचे असतील आणि तिथी हिंदी पंचांगातून आली असेल तर मात्र जपून. शुद्ध पक्षात महिन्याचं नाव दोन्हीकडे एकच असतं, पण वद्य पक्षात ते बदलतं. त्यांची ‘ज्येष्ठ कृष्ण पंचमी’ म्हणजे आपली वैशाख वद्य पंचमी. हा फरक डोक्यात नसला तर माणूस चक्क महिनाभर उशिरा पोहोचेल. म्हणून तिथीवरून काढलेली तारीख स्वतःशी ठेवू नका, पत्रात लिहून तिला यजमानांकडून होकार घ्या.

गावाचं तसंच आहे. निरोपाखाली लिहिलेलं गाव म्हणजे लग्नाचं ठिकाण, असं धरून चालू नका. ते निमंत्रकाचं राहतं गाव असतं. लग्न मुलीकडे असेल तर वऱ्हाड शिरपूरला जाईल, शहाद्याला जाईल किंवा चाळीसगावच्या एखाद्या मंगल कार्यालयात. नावापुढे ‘ह. मु. सुरत’ दिसलं तर आणखी एक शक्यता उभी राहते. कामधंद्यासाठी सुरतला स्थायिक झालेली खान्देशी कुटुंबं पुष्कळ आहेत. त्यातली काही लग्नं मूळ गावी लागतात, काही तिकडेच.

आणि गाव कळलं तरी ते कोणतं, हा प्रश्न राहतो. वरच्या निरोपातलं पाळधीच घ्या. एक पाळधी धरणगाव तालुक्यात, जळगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर. दुसरं पाळधी जामनेर तालुक्यात, वेगळ्याच रस्त्यावर. धरणगावकडच्या पाळधीतही पुन्हा बुद्रुक आणि खुर्द आहेत. इथली माणसं रोजच्या बोलण्यात नुसतं ‘पाळधी’ म्हणतात, कारण ऐकणाऱ्याला संदर्भ ठाऊक असतो. तुम्हाला तो ठाऊक नाही, म्हणून गावाबरोबर तालुका विचारायचाच.

घाई करायची की थांबायचं

काही निरोप मुद्दामच अर्धे असतात. ‘पत्रिका घेऊन येतोच आहे’, ‘सविस्तर पत्रिका मागाहून’ असं त्यात असेल तर यजमान घरी येऊन, पत्रिकेला कुंकू लावून हातात देणार आहेत. आधीचा निरोप म्हणजे फक्त कानावर घालणं. अशा वेळी दुसऱ्याच दिवशी तारीख विचारली तर त्यांचा येण्याचा मान आपण काढून घेतल्यासारखं होतं. चार-पाच दिवस थांबा.

असं काही नसेल आणि आजूबाजूला त्या लग्नाची बोलणी कानावर येत असतील, तर मात्र लगेच लिहा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास लग्नतिथी दाट असतात, रजा आणि गाड्या दोन्ही मिळत नाहीत. लग्न चार दिवसांवर आलं आहे असा सुगावा लागला तर पत्राचा नाद सोडा आणि फोन करा. शेवटच्या आठवड्यात लग्नघरात लांब निरोप कुणी वाचत नाही.

पत्र ज्यानं आवतण पाठवलं त्यालाच लिहायचं, आणि एकट्याला. ऑफिसच्या किंवा सोसायटीच्या ग्रुपवर ‘नाना, तारीख टाकायची राहिली’ असं लिहू नका. वडीलधाऱ्या माणसाची चूक चारचौघांत दाखवली जाते, शिवाय त्या ग्रुपवर आवतण न मिळालेलं कुणी असेल तर नाना आणखी पेचात पडतात.

पत्र लिहिताना

संबोधनापासून सुरुवात करू. इथं वडीलधाऱ्याला नावानं किंवा नुसत्या आडनावानं हाक मारत नाहीत. नाना, आबा, अण्णा, तात्या, बापू, आप्पा, जिभाऊ, यातलं जे त्यांच्या घरात आणि गावात रूढ असेल ते घ्यायचं. लेखी मजकुरात त्याला ‘सो’ जोडतात: नानासो, आबासो, बापूसो. कोणतं रूढ आहे हे माहीत नसेल तर ‘आदरणीय भाऊसाहेब’ चालतं. यजमानीणबाईंना लिहीत असाल तर वयाप्रमाणे ताई, वहिनी किंवा काकू. संपूर्ण पत्रात ‘आपण’ किंवा ‘तुम्ही’ यातलं एकच काहीतरी ठेवा. मध्येच बदललं की पत्र दोन माणसांनी लिहिल्यासारखं वाटतं.

पहिल्या दोन ओळी आनंदाच्या आणि होकाराच्या. हा क्रम महत्त्वाचा आहे. ‘तारीख कळवा, म्हणजे जमतं का बघतो’ असं लिहिलं की आवतणाला अट घातल्यासारखं होतं. आधी येतो म्हणायचं, मग कधी आणि कुठं ते विचारायचं. येणं खरंच अवघड असेल तर ‘यायची फार इच्छा आहे’ एवढंच लिहा, खोटा होकार देऊ नका. यजमान पानांचा हिशेब त्यावर धरतात.

त्यानंतर अडचण सांगायची, आणि इथंच बहुतेक पत्रं फसतात. संकोचापोटी लोक लिहितात, ‘माझ्याकडून आपला मेसेज डिलीट झाला, पुन्हा पाठवाल का?’ यजमान तत्परतेनं तोच मेसेज पुन्हा पाठवतात, तोच, तारीख नसलेला. आता दुसऱ्यांदा विचारायचं म्हणजे पहिलं कारण खोटं होतं हे कबूल करावं लागतं. ‘फोन बिघडला होता’ या सबबीचंही हेच होतं. खरी गोष्ट दोष न देता सांगता येते: ‘माझ्यापर्यंत फक्त मजकूर पोहोचला आहे, त्यात तारीख आणि ठिकाण दिसत नाही.’ या वाक्यात कोण चुकलं हे कुठंही येत नाही. ‘आपण लिहायला विसरलात’ किंवा ‘आपल्या निमंत्रणात त्रुटी आहे’ असली ऑफिसातली भाषा मात्र टाळा.

एक फायदा असाही की तो मजकूर इतर शंभर जणांना गेलेला असू शकतो. तुमच्या या एका ओळीमुळे यजमानांना ते वेळेत कळतं आणि ते सगळ्यांना पत्रिका पुन्हा धाडतात.

मग प्रश्न. चारच विचारा: तारीख आणि वार, मुहूर्ताची वेळ, गाव तालुक्यासह, आणि लग्नाची नेमकी जागा. वार का, तर तो तारखेची चूक पकडतो. वेळ का, तर सकाळच्या मुहूर्ताचं लग्न आणि गोरज मुहूर्ताचं लग्न यात दिवसाचं सगळं नियोजन बदलतं. एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे दुपारचा पारा ४३-४४ अंशांवर जातो, लहान मूल बरोबर असेल तर कधी निघायचं हे मुहूर्तावरच ठरतं. जागा का, तर मोठ्या गावात मंगल कार्यालयं अनेक असतात, लहान गावात लग्न शाळेच्या पटांगणात किंवा शेतातल्या मांडवातही असू शकतं.

जेवण काय, मुक्कामाची सोय आहे का, आहेर घेणार का, हे या पत्रात विचारू नका. वरणबट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी असेलच. हळदीचंही आपणहून विचारू नये. हळदीला बोलवायचं असेल तर यजमान स्वतः सांगतात. आवतण ‘चूलबंद’ असेल, म्हणजे घरात त्या दिवशी चूल पेटू द्यायची नाही, सगळ्यांनी यायचं, तर तसा शब्द ते वापरतात. तो शब्द नसेल आणि मजकुरात ‘सहकुटुंब’ असेल तर घरातली माणसं न्यायची, गावाहून आलेले पाहुणे नाहीत.

आता सगळं एकत्र करून पत्र बघा. लिहिणारा बँकेत नव्यानं आलेला, घरात नवरा-बायको आणि लहान मुलगी, यजमान त्याच शाखेतून निवृत्त झालेले नाना.

> आदरणीय नानासो,
> सप्रेम नमस्कार.
>
> चिरंजीवांच्या लग्नाचं आपलं आवतण काल संध्याकाळी मिळालं. घरात सगळ्यांना फार आनंद झाला. आम्ही दोघं आणि मुलगी नक्की येणार आहोत.
>
> माझ्यापर्यंत फक्त मजकूर पोहोचला आहे, त्यात तारीख आणि ठिकाण दिसत नाही. मी या भागात नवीन असल्यानं आधी विचारून घेतो. सवडीनं एवढं कळवावं, ही विनंती:
>
> लग्नाची तारीख आणि वार
> मुहूर्ताची वेळ
> लग्न कोणत्या गावी (पाळधी असल्यास धरणगाव तालुक्यातलं की जामनेर तालुक्यातलं)
> मंगल कार्यालयाचं किंवा जागेचं नाव
>
> आपण कामाच्या गडबडीत असाल. घरातल्या कुणी पत्रिकेचा फोटो पाठवला तरी पुरे आहे. मला रजेचा अर्ज सोमवारी द्यायचा आहे, तोवर कळलं तर बरं होईल.
>
> काही काम असेल तर हक्कानं सांगावं. काकूंना नमस्कार.
>
> आपला,
> (नाव), स्टेशन रोड शाखा

‘घरातल्या कुणी फोटो पाठवला तरी पुरे’ हे वाक्य गाळू नका. नानांना टाइप करायला वेळ लागतो, पण नातवाला फोटो पाठवायला सांगणं त्यांना सोपं पडतं. ‘सोमवारपर्यंत’ हेही नुसत्या ‘लवकर कळवा’पेक्षा बरं, कारण त्यामागचं कारण त्यांना दिसतं आणि घाई केल्यासारखं वाटत नाही. शेवटी स्वतःचं नाव आणि कुठला, हे लिहाच. तुमचा नंबर त्यांच्याकडे सेव्ह असेलच असं नाही.

हेच पत्र कागदावर लिहून एखाद्या सहकाऱ्याच्या हातून द्यायचं असेल तर खाली आपला मोबाइल नंबर ठळक लिहा आणि चारही प्रश्न एकेका ओळीवर ठेवा, म्हणजे नाना त्याच कागदावर उत्तर लिहून परत पाठवू शकतील.

पाठवण्याची वेळ संध्याकाळी आठनंतरची बरी. दिवसभर लग्नघरातली माणसं बस्ता, किराणा आणि आवतणं देत फिरण्यात असतात.

उत्तर आल्यावर

उत्तर पूर्ण येईलच असं नाही. समजा नानांनी लिहिलं: ‘या बरं का सगळे. २५ आणि २६ ला कार्यक्रम, पाळधीलाच. कार्यालय महामार्गावरच आहे.’ यात तारखा दोन आहेत. हळद बहुतेक आदल्या दिवशी असते, म्हणजे लग्न २६ ला असावं, पण हा आपला अंदाज झाला. तालुका सरळ सांगितलेला नाही, महामार्ग म्हटल्यामुळे धरणगावकडचं पाळधी असावं, पण हाही अंदाजच. वेळ राहिली आहे.

पुन्हा प्रश्न विचारण्याऐवजी जे समजलं ते त्यांच्यापुढं वाचून दाखवा: ‘धन्यवाद नानासो. म्हणजे हळद शनिवारी २५ ला आणि लग्न रविवारी २६ ला, धरणगावकडच्या पाळधीला महामार्गावरच्या कार्यालयात, असं मी धरतो. मुहूर्त सकाळचा असेल तर आम्ही नऊला निघू.’ चूक असेल तर समोरचा माणूस लगेच दुरुस्त करतो, आणि बरोबर असेल तर ‘हो’ एवढंच लिहावं लागतं. ‘नऊला निघू’ म्हटल्यावर गोरज मुहूर्त असेल तर नाना स्वतःच म्हणतील, ‘अरे, संध्याकाळचं लग्न आहे.’

तारीख आणि वार जुळत नसतील, म्हणजे त्यांनी ‘२६ तारखेला शनिवारी’ लिहिलं आणि दिनदर्शिकेत २६ ला रविवार असेल, तर त्यातलं एक स्वतः निवडू नका. ‘शनिवार २५ की रविवार २६?’ एवढं विचारा. अशी गफलत बहुधा हळद आणि लग्न यांची सरमिसळ झाल्यामुळे होते.

लोकेशन पाठवलं असेल तर ते उघडून गावाचं आणि तालुक्याचं नाव वाचा. घाईत लोक मंगल कार्यालयाऐवजी स्वतः त्या क्षणी जिथं उभे असतात तिथलं लोकेशन पाठवतात, आणि ते कापडाच्या दुकानाचंही असू शकतं.

उत्तरच आलं नाही तर

दोन दिवस वाट बघा. निरोप वाचला गेल्याची खूण दिसूनही उत्तर नसेल तर रुसवा धरू नका, लग्नघरात उत्तर द्यायचं राहून जातं. तिसऱ्या दिवशी फोन करा आणि पत्राचा उल्लेख न करता सुरुवात करा: ‘नाना, नमस्कार, तयारी कुठवर आली?’ बोलता बोलता तारीख निघते. फोन नानांनी उचलला नाही तर मुलाला किंवा भाचेमंडळींपैकी कुणाला विचारा. आवतण मिळालेला दुसरा सहकारी असेल तर त्याच्याकडच्या पत्रिकेचा फोटो घ्या, पण ती याच लग्नाची आहे हे वधूवरांच्या आणि निमंत्रकांच्या नावांवरून जुळवून बघा. एकाच घरात एका मोसमात दोन लग्नं असणं इथं नवीन नाही, आणि पत्रिका मोठ्या मुलाची की धाकट्याची हे गावावरून कळत नाही.

एवढं करूनही ठिकाण पक्कं झालं नाही तर अंदाजानं निघू नका. लग्नानंतर आठवडाभरात नानांच्या घरी जा, टॉवेल-टोपीचा आहेर करा, नव्या जोडप्याला भेटा आणि ‘ठिकाण वेळेत कळलं नाही म्हणून राहून गेलं’ हे सरळ सांगा.